बानाबाईच्या वहीवरचे डाग

गुलमंडीत कापडाच्या दोन दुकानांमध्ये माझी बोळीएवढी जागा आहे. पाटीवर लिहिलंय, "दिपाली स्कॅन अँड प्रिंट. जुनी कागदपत्रं साफ करून मिळतील." यातला "साफ" हा शब्द मी मुद्दाम मोठा रंगवून घेतला. कारण मला डाग बघवत नाहीत. सासूबाई म्हणतात, हिला देवानं हातात फडकं देऊनच जन्माला घातलं. म्हणू देत. जुना सातबारा आणा, आजोबांची पत्रं आणा, कीड लागलेली पोथी आणा, मी फोटो घेऊन अशी पांढरीशुभ्र करून देते की माणूस म्हणतो, अरेच्चा, हे काल लिहिलं काय?

तर दसऱ्याच्या दहा दिवस आधी पडेगावचे अजिनाथभाऊ दुकानात आले. वाळूजच्या कंपनीत कामाला, चाळिशी उलटलेला, गरीब गाय स्वभावाचा माणूस. खुर्चीत बसायच्या आधीच म्हणाले, "ताई, आईची वही वाचवायची हाय."

"आणा की."

"वही नाय आणता येत. वही फक्त दसऱ्याला घराबाहेर निघती, बिरोबाच्या ठाण्यापुरती. एरवी आई बाहेर काढू देत नाय. मी मोबाइलवर फोटो काढलेत."

मग त्यांनी सगळं सांगितलं. त्यांचे वडील, भिकनबाबा, मेंढरामागं हिंडायचे आणि दसऱ्याला पडेगावच्या माळावर ठाण्यासमोर धनगरी ओव्या म्हणायचे. पंधरा वर्षांपूर्वी घशाच्या दुखण्यानं त्यांचा आवाज गेला. आता कोण म्हणणार, म्हणून भावकी बसली. पुंजाराम म्हणून मोठे जाणते आहेत. ते म्हणाले, ओवी तुटता कामा नये, एक ओळ इकडची तिकडं होता कामा नये, ज्याला वाचता येतं त्यानं वहीत बघून म्हणायच्या. तेव्हा बायांमधून बानाबाई उठल्या. "मी तिसरी शिकलेय. मी म्हणते." मग भिकनबाबांनी वर्षभर बसून त्रेचाळीस ओव्या वहीत उतरवल्या आणि बायकोच्या हातात दिल्या. पुढं तीन वर्षांनी ते गेले. बानाबाई वही हातात आल्यापासून म्हणतायत. पुंजारामबाबा ओवीचं नाव काढतात, त्या वही उघडतात, आणि पुंजारामबाबा शेजारी बसून ओळीवर बोट फिरवत ऐकतात.

"मागल्या दसऱ्याला पान हातातच मोडलं," अजिनाथभाऊ म्हणाले. "अर्धं पान वाऱ्यानं गेलं ते बाभळीतून काढलं. आई म्हणती, आता वही उघडली तर भुगा व्हईल. वही नाय तर मी गात नाय. आईनं गायलं नाय तर ताई, तिचं काय राहतंय? वर्षभर त्या एका सकाळवर जगती ती."

मला एकदम गलबलून आलं. पण मी फोटो बघितले आणि गलबललेलं सगळं जागच्या जागी वाळलं.

"भाऊ, हे काय हो?"

दर पानावर एक मोठं गोल काळं. अजिनाथभाऊंच्या स्वतःच्या डोक्याची सावली. बल्ब मागं, माणूस वाकलेला, खाली वही. वर व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवून फोटोंचा पार चोथा केलेला. मी त्यांना चांगलं झापलं. म्हटलं, मोबाइलमधून सरळ केबलनं घेऊ, पाठवापाठवी बंद. गडी मान खाली घालून "व्हय ताई, व्हय ताई" करत राहिला.

पण खरं सांगते, असलं काम आलं की माझे हात शिवशिवतात. शिवलेली वही उघडली की पान शिवणीपाशी फुगतं आणि खाली बुडतं. ओळी फोटोत पुरीसारख्या फुगून येतात आणि शिवणीजवळची अक्षरं चेपून जातात. सुदैवानं ही वही रेघी होती. छापलेली रेघ कागदावर सरळच असते, म्हणून फोटोत रेघ जिथं वाकलीय तिथं पान वाकलंय. प्रोग्रामला रेघा दाखवायच्या, रेघ ताणून सरळ केली की तिच्यावर बसलेली अक्षरंही सरळ होतात. मग सावली. ती काढायला माझ्याकडं एक बटन आहे. ते पानाचा प्रत्येक भाग बघतं, इथला कागद किती काळपट आहे याचा अंदाज घेतं, आणि तेवढं उजळून सगळा कागद एकसारखा पांढरा करतं. बाभळीतून काढलेलं पान तर मी दोन तुकडे जुळवून असं बसवलं की जोड दिसू नये.

पानांवर डाग होते. बाप रे, काय डाग! पिवळे, तांबडे, चहाचे, तेलाचे, एका ठिकाणी विडीनं जळालेलं भोक. मी मनात म्हटलं, हा माणूस लिहीत होता का जेवत होता? बटन दाबलं. सावलीबरोबर डागही गेले. उरलेसुरले मी हातानं पुसले. चार दिवसांनी शहाण्णव पानं शुभ्र. आमच्या बोळीतल्या पुंडलिककाकांनी बांधणी करून दिली. मी ती नवी वही टेबलावर ठेवली आणि दोनदा लांबून बघून आले, इतकी छान झाली होती.

बानाबाई स्वतः आल्या. सत्तरीच्या, काठीसारख्या ताठ, मालक गेले तरी कपाळावर रुपयाएवढं कुंकू. अजिनाथभाऊंनी खुर्ची दिली तर म्हणाल्या, "मला काय धाड भरलीय?" आणि उभ्याच राहिल्या. मी वही त्यांच्या हातात दिली.

त्यांनी पहिलं पान उघडलं. दुसरं. मधलं एक. परत पहिलं. हाताचं बोट पानाच्या वरच्या कोपऱ्यावर जाऊन थांबायचं आणि तसंच मागं यायचं.

"ही माझी वही नाय."

"तुमचीच आहे मावशी. एकेक अक्षर तुमच्या मालकांच्या हातचं आहे."

"नाय. ह्यात कायपण नाय."

"काय नाही म्हणजे? आधी सावलीत निम्मं दिसत नव्हतं, आता मुंगीचा पाय दिसतोय!"

"मग मुंगीलाच दे. ह्या वहीवर मी गात नाय." आणि वही टेबलावर आपटली.

माझं डोकं फिरलं. चार दिवस डोळे फोडले, आणि ही बाई! मी म्हटलं, "मावशी, कामात खोट असेल तर पान दाखवा. कुठली ओळ गेलीय ते सांगा, नाहीतर उगाच नाव ठेवू नका." अजिनाथभाऊ मध्ये "आई, अगं ताई," करत राहिले. मी तरातरा कॉम्प्युटरकडं गेले आणि मूळ फोटो उघडले. पडद्यावर सगळी पानं एकदम, पोस्टाच्या तिकिटाएवढी बारीक, अजिनाथभाऊंच्या डोक्यासकट. म्हटलं, "हे बघा तुमचं आणि हे बघा माझं!"

म्हातारी पुढं आली. पडद्याला बोट लावलं आणि एकदम तोंडावर उजेड पडला. "ही मेंढरं कातरायची," त्या म्हणाल्या. बोट पुढं. "ही देवाच्या लग्नाची. ही झुंजुरकाची. ही रान पेटल्याची. ही दुधाची." टकाटका. एक चुकली नाही.

मी पडद्याला नाक टेकवून बघितलं.

त्या आकारात एक अक्षर वाचता येत नव्हतं. मला येत नव्हतं, जिनं ती पानं चार दिवस चाळली. तिकिटाएवढ्या चित्रात दिसत होते ते फक्त डाग. कातरणीवर मेंढ्या रंगवायचा तांबडा गेरू. लग्नावर हळद. झुंजुरकाला, म्हणजे पहाटेला, चहा. रान पेटलं तिथं विडीचं भोक. दुधावर तुपाचा पारदर्शी ठिपका. ओवी जिथं सुरू होते त्या पानावर, वरच्या बाहेरच्या कोपऱ्यात, एकेक.

मी माझी साफ केलेली पानं शेजारी उघडली. तशीच बारीक. म्हातारीचं बोट हवेत थांबलं.

आमच्या बोळीत सगळ्यांना माहीत आहे की दिपालीच्या तोंडात तीळ भिजत नाही. पण त्या दिवशी देवानं बुद्धी दिली. मी म्हटलं, "अजिनाथभाऊ, तीन चहा आणा. निराला बाजारातल्या टपरीवरचा. तिथलाच."

"येवढ्या लांबून?"

"तिथलाच."

ते गेल्यावर मी शटर अर्धं खाली ओढलं. "मावशी, तुम्हाला वाचता येत नाही."

त्यांनी असं बघितलं की वाटलं आता कानाखाली बसते. मग त्या हळूच खुर्चीत बसल्या. पहिल्यांदाच.

"कुणाला बोललीस तर जीभ उपटीन."

"नाही बोलत."

"लग्नात सांगितलं हुतं, पोरगी तिसरी शिकलीय. माझ्या बापानं थाप मारली. मला मालक आवडला हुता, मग मीबी तीच थाप वडली. आज पन्नास वर्सं झाली." त्यांनी पदरानं नाक पुसलं. "भावकीसमोर बोलून गेले. त्याचा आवाज गेला हुता, दुसरं कोण म्हणणार? ओव्या मला पाठ हायेत गं, तीस वर्सं ऐकल्यात. पण कुठली कुठल्या पानावर हे कसं कळावं? पुंजाराम शेजारी बसतोय, बोट फिरवतोय. चुकीचं पान काढलं की चार माणसांत माझं तोंड काळं. ते डाग हायेत म्हणून निभावलं. मालक लई गबाळा माणूस. खाताना लिहायचा, पिताना लिहायचा. मी त्याला लई बोलायची, वहीचं पार उकिरडं केलंस म्हणायची. आणि तेच कामाला आलं बघ."

"त्यांना ठाऊक नव्हतं? तुम्हाला वाचता येत नाही ते?"

"छ्या! त्याला काय कळतंय."

मला इतकं वाईट वाटलं. मी त्या बाईची अख्खी वही पुसून टाकली होती. वर पाटीवर "साफ" मोठ्या अक्षरात.

म्हटलं, डाग परत आणते. पण बोलणं सोपं होतं. बटनाला सावली आणि डाग यातला फरक कळत नाही. दोन्ही त्याच्या लेखी कागदाचा काळपटपणा. भाऊंच्या डोक्याची सावली काढायची तर हळद जाणार, हळद ठेवायची तर डोकं राहणार. हातानं एकेक वेगळं करत बसले तर दिवाळी उजाडेल. एकच इलाज होता, फोटोच परत घ्यायचे, आणि असे घ्यायचे की सावली अंदाजानं काढायची वेळ येऊ नये.

अजिनाथभाऊ चहा घेऊन आले तेव्हा मी त्यांना ठोकून दिलं, "भाऊ, हल्ली ओरिजिनल लूकला मागणी आहे. पुस्तक जसंच्या तसं दिसलं पाहिजे, डागांसकट. मी उद्या पडेगावला येते."

"पण ताई, साफ किती छान झालं हुतं!"

"तुम्हाला काय कळतंय," म्हातारी आणि मी एकदमच म्हणालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला स्कूटीवर स्टँड, कॅमेरा, पांढरा जाड कागद घेऊन मी पडेगावात हजर. अजिनाथभाऊ कंपनीत गेले होते, बरंच झालं. घरापुढं पत्र्याची पडवी, उत्तरेकडं तोंड, ऊन आत येत नव्हतं. अशी जागा मिळाली की मी दिव्यांच्या भानगडीत पडत नाही. कॅमेरा बरोबर वरून, खाली तोंड करून पक्का बसवला. वहीची पाठ पूर्ण उघडली असती तर मोडलीच असती, म्हणून एका बाजूला विटा रचून तिला अर्धीच उघडी ठेवली आणि एका वेळी एकच पान आडवं घेतलं.

पानाच्या आधी कोऱ्या कागदाचा फोटो.

"त्याचा फोटू कशाला? त्यावर कायच नाय," मावशी म्हणाल्या.

"म्हणूनच. कोऱ्या कागदावर जो काळपटपणा दिसतो तो कागदाचा नाही, उजेडाचा आहे. इकडं भिंत जवळ, इकडं अंगण, म्हणून एक बाजू उजळ, एक अंधारी. कॅमेरा हलवायचा नाही, सेटिंग बदलायचं नाही, आणि नंतर या कोऱ्या फोटोनं प्रत्येक पानाच्या फोटोला भागायचं. उजेडाची लबाडी तेवढी जाते. कागदावर जे खरंच पडलंय ते राहतं."

"म्हंजी हळद राहती?"

"हळद राहते."

"मग काढ बाई किती काढायचे ते."

ढग आला की उजेड बदलायचा, म्हणून दर दहा पानांनी मी कोरा कागद परत घ्यायची. मावशी पान उलटायच्या, दोन बोटांनी, श्वास धरून, झोपलेलं लेकरू कुशीवर वळवावं तशा. आणि दर डागाला मालकाचा उद्धार. "हे बघ तूप! बशी नाय ठिवता येत बाजूला? हे गेरू, हात न धुता बसला असंल. हे कुंकू, माझंच, माझ्या करंड्यातलं, लावायला गेला कुणाला काय की!" मी हसत होते, पण हात चालू असताना एक गोष्ट डोक्यात टोचत राहिली. गबाळ्या माणसाचा डाग कुठंही पडतो. अक्षरावर पडतो, मध्ये पडतो, दोन पडतात. इथं त्रेचाळीस ओव्या आणि त्रेचाळीस डाग, एकाही अक्षराला धक्का नाही. मी बोलले नाही. उगाच कुणाच्या नवऱ्याबद्दल काय बोला.

शेवटचं पान आलं. याचा फोटो भाऊंनी काढलाच नव्हता. त्यावर कोपऱ्यात काही नव्हतं. पण सगळं पानच तपकिरी झालेलं, पावसाचं पाणी मुरून वाळलेलं, आणि शिवणीत खोल रुतलेलं. तिरकं धरलं तर शिसपेन्सिलीची काहीतरी चमक दिसायची.

"हे काय आहे?"

मावशींनी पानावरून हात फिरवला. मग म्हणाल्या, "तेच तर. दवाखान्यात हुता तवा लिहिलंय. मला हातात देऊन म्हणला... म्हणला काय, आवाज नव्हता, बोटानं दाखवलं. वाच. मी मान हलवली, वाचल्यावानी केलं. दुसऱ्याच दिवशी गेला." त्यांनी पदर तोंडाला लावला. "पुढच्या पावसात पत्रा गळला आन् ते असं झालं. अजिनाथनं पाहिलं, म्हणला काय दिसत नाय. आणि दिसत असतं तरी त्याला काय म्हणू? मीच वाचलंय म्हणून बसलेली. अकरा वर्सं झाली. त्यानं काय लिहिलं मला ठावं नाय."

"मग आधी का नाही सांगितलंत?"

"तुझ्या दुकानात पोरगा हुता ना गं भवाने!"

त्या पानाचे मी वीस फोटो घेतले.

नव्या वहीचं काम झरझर झालं. कोऱ्या कागदानं भागलं, आणि अहाहा, कागद जुना पिवळसर, उजेड सगळीकडं सारखा, कोपऱ्यात हळद हळदीसारखी. रेघांवरून ओळी सरळ केल्या. रंगीत प्रिंट, जाड कागद. पुंडलिककाका म्हणाले, "दिपाली, तुझ्या हातून घाणेरडं काम पहिल्यांदाच बघतोय." म्हटलं, काका, गुमान बांधा.

शेवटचं पान मात्र दोन दिवस खात होतं. रंगाच्या फोटोत तीन थर असतात, तांबडा, हिरवा, निळा. निळ्या थरात बघितलं तर तो तपकिरी डाग काळाकुट्ट, पेन्सिल त्यात बुडालेली. पण तपकिरी रंग तांबड्या थरात उजळ दिसतो, आणि पेन्सिलीचा राखाडी रंग तिन्ही थरांत सारखाच काळपट. मी फक्त तांबडा थर ठेवला. पाण्याचा डाग विरघळला आणि त्याच्याखालून फिकट ओळी वर आल्या. मग माझं तेच आवडतं बटन, या एका पानापुरतं, सावकाश. शिवणीत चेपलेली अक्षरं रेघा ताणून सुटी केली. दोन शब्द अडले, ते तिरक्या उजेडातल्या फोटोत पेन्सिलीच्या दाबावरून लागले.

मी वाचलं. मग उठून शटर पूर्ण खाली ओढलं आणि भर दुपारी दुकानात एकटीच रडले. गिऱ्हाईक बाहेर शटर वाजवत होतं, वाजवू दिलं. वहीत ते पान होतं तसं तपकिरीच घातलं, उलगडलेलं फक्त माझ्या मोबाइलवर ठेवलं.

दसऱ्याला सकाळी मी पडेगावच्या माळावर पोचले. ठाण्यासमोर घोंगड्या अंथरल्या होत्या, ढोल तापवत होते, भंडाऱ्याची हळद उधळून सगळ्यांची डोकी पिवळी. पुंजारामबाबा चष्मा पुसत वहीची वाट बघत बसले होते. मी मावशींना हाताला धरून मेंढवाड्याच्या मागं नेलं. अजिनाथभाऊ निघाले पाठोपाठ.

"भाऊ, चहा."

"ताई, इथं माळावर कुठला चहा?"

"शोधा."

वही त्यांच्या हातात दिली. त्यांनी पहिलं पान उघडलं आणि बोट सरळ कोपऱ्यावर गेलं. पुढचं पान. पुढचं. ओठ हलायला लागले. मेंढरं, लगीन, झुंजुरका. "हीच," त्या म्हणाल्या. "हीच माझी वही."

"शेवटचं वाचू?"

त्यांनी मान हलवली. हात वहीवर घट्ट.

मी मोबाइलवरून वाचलं, हळू, कुणाला ऐकू जाणार नाही असं.

"बाने. ही ओवी नाय. हे जो वाचून दाखवंल त्यानं कुणाला सांगू नये. तुला वाचता येत नाय हे मला ठावं हाय. लग्नाच्या वर्षी तू पाटी वाचून मला कन्नड गावच्या म्हणून पैठणच्या यष्टीत बसवलंस, तवापासून. मी बोललो नाय. भावकीत तू उठलीस तवा लई अभिमान वाटला आन् लई हसू आलं. वहीवर डाग मी पाडलेत. इचार करून पाडलेत. तू गबाळा म्हणलीस, मी ऐकून घेतलं. गाणं सोडू नको. या पानावर डाग पाडला नाय. हे गायचं नाय. भिकन."

बाहेर ढोल वाजायला लागला होता. मावशी माझ्याकडं बघत होत्या, पण मी त्यांना दिसत नव्हते.

"पैठणला गेलो हुतो," त्या म्हणाल्या. "मला म्हणला, बरं झालं, नाथाचं दर्शन झालं."

मग त्यांचं तोंड वाकडं झालं. "मेल्या," त्या म्हणाल्या. "मेल्या, गबाळ्या! जलमभर शिव्या खाल्ल्यास की रे माझ्या! एकदा तरी बोलायचं!" आणि हसायला लागल्या, डोळ्यांतून पाणी घळाघळा, कुंकू नाकावर उतरलेलं. मी त्यांना धरलं. मीही काही कोरडी नव्हते.

पलीकडून पुंजारामबाबांची हाक आली, "बानाबाय, चला! आधी लगीन म्हणा!"

"आले!" त्यांनी पदरानं तोंड पुसलं. निघता निघता थांबल्या. केसांवर पडलेला भंडारा अंगठ्यानं टिपला, वहीचं शेवटचं पान उघडलं, आणि वरच्या कोपऱ्यात अंगठा दाबला. माझ्या नव्याकोऱ्या वहीत, ज्याच्यापायी दोन दिवस डोळे फोडले त्याच पानावर.

"हळद तर लग्नाची," मी म्हटलं.

"लग्नाचंच हाय हे," त्या म्हणाल्या.

तेवढ्यात अजिनाथभाऊ कुठून तरी खरंच तीन चहा घेऊन आले आणि जागेवरच थबकले. "आई! अगं नवी वही! पाडलास ना डाग! बापाची खोड लागली तुला."

"व्हय," बानाबाई म्हणाल्या, "लागली," आणि वही छातीशी धरून ओव्या म्हणायला गेल्या.